चंद्र एक दिवस मागे होता

27 मध्ये 4 मिळवले की 31 होतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या सहकाऱ्यांना आणि सोसायटीतल्या शेजाऱ्यांना गौरीचं आमंत्रण पाठवताना मी एवढंच गणित केलं होतं. गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. आदल्या वर्षी चतुर्थीनंतर चार दिवसांनी गौरी जेवल्या होत्या, 2022 सालीही चार दिवसांनीच जेवल्या होत्या, म्हणजे यंदा 31 तारीख. तोही रविवार! सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना निवांत येता येईल या आनंदात मी दिनदर्शिकेचं पान उलटलंच नाही आणि ‘रविवारी दुपारी चारनंतर कधीही या’ असं कळवून मोकळी झाले.

दोन दिवसांनी सासूबाईंनी विचारलं, “रविवारी लोक येऊन काय करतील? रविवारी गौरी येणार. जेवणार सोमवारी, जाणार मंगळवारी.” मी लगेच दुरुस्तीचा निरोप पाठवला. बाकी सगळ्यांनी तो वाचला, एकीचा वाचायचा राहिला.

आणि म्हणून रविवारी, 31 ऑगस्टला, दुपारी सव्वाचारच्या सुमारास आमच्या मजल्यावर असं दृश्य होतं: उंबऱ्याबाहेर मी दोन्ही हातांत गौरीचे पितळी मुखवटे घेऊन उभी, दारातून आतपर्यंत रांगोळीनं काढलेली लक्ष्मीची पावलं, आत ताट आणि पळी घेतलेल्या सासूबाई, आणि माझ्या मागे लिफ्टमधून बाहेर पडलेली माझी मल्याळी सहकारी. सोनेरी काठाची मोतिया रंगाची साडी, सोबत शाळकरी मुलगी. तिला वाटलं, कार्यक्रम सुरू झाला आणि आपल्याला उशीर झाला. खरं तर ती एक दिवस आधी आली होती.

सासूबाईंनी आधी मुखवट्यांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझ्या पायांवर पाणी घातलं, मग तिच्याकडे पाहून म्हणाल्या, “तुम्हीपण गौरीबरोबरच आत या.” ताट वाजू लागलं. आम्ही पावलांवर पावलं टाकत आत गेलो. गौरीला घर दाखवायचं असतं, म्हणून आधी स्वयंपाकघर, मग धान्याचे डबे, कपाट, मुलांच्या अभ्यासाचं टेबल असं एकेक करत फिरलो. दर ठिकाणी सासूबाई विचारत की इथे काय आहे, आणि मी तिथे जे भरलेलं आहे ते सांगत होते. मायलेकी आमच्या मागून फिरत होत्या.

गौरी जागेवर बसल्यावर मी पाहुणीची माफी मागितली. सांगितलं की माझा दिवस चुकला, जेवण उद्या आहे, आज फक्त आवाहन. अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ते आज साडेपाचच्या जरा आधी संपतंय, म्हणून आमची एवढी घाई चालली होती.

ती एकदम म्हणाली, “अनुराधा म्हणजे अनिळम. आमच्याकडेही आज अनिळमच.” मग तिच्या मुलीनं बोटं मोजत नावं घेतली. ओणमच्या आधी रोज दारात फुलांची रांगोळी काढतात, तिला पूक्कळम म्हणतात. ती अत्तमपासून सुरू होते आणि प्रत्येक दिवसाला नक्षत्राचंच नाव असतं. अत्तम म्हणजे आपलं हस्त, मग चित्रा, स्वाती, विशाखा, पाचवं अनिळम, सहावं तृक्केट्टा, सातवं मूलम. तृक्केट्टा म्हणजे आपली ज्येष्ठा. अनुराधा, ज्येष्ठा, मूळ. आमच्या घरात गौरी ज्या तीन दिवसांवर उभ्या असतात, तेच तीन दिवस तिच्या दारातल्या फुलांत मोजले जात होते आणि आम्ही दोघी नऊ वर्षं शेजारच्या टेबलांवर बसून काम करत होतो!

त्या संध्याकाळपासून मी आमंत्रण पाठवताना वेळेची ओळ वेगळ्या नजरेनं लिहिते. ती ओळ समजून घ्यायला थोडं आकाशात जावं लागतं.

आपले बहुतेक सण तिथीचे. गणपती चतुर्थीचा, राम नवमीचा, कृष्ण अष्टमीचा. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून किती पुढे गेला याचं माप. अमावास्येला दोघे एका रेषेत असतात. तिथून चंद्र 12 अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चतुर्थी म्हणजे चंद्र सूर्याच्या 36 ते 48 अंश पुढे. यात मागच्या ताऱ्यांचा काहीही संबंध नाही, हे दोघांमधलंच अंतर आहे.

गौरी मात्र नक्षत्राच्या. नक्षत्र म्हणजे ताऱ्यांच्या पडद्यावर चंद्र नेमका कुठे आहे. चंद्र आकाशाची एक फेरी साधारण सव्वासत्तावीस दिवसांत पुरी करतो. त्या वाटेचे 27 समान भाग केले तर एकेक भाग 13 अंश 20 कलांचा होतो, म्हणजे चंद्राच्या सुमारे एका दिवसाच्या चालीएवढा. प्रत्येक भाग म्हणजे जणू चंद्राच्या एका रात्रीच्या मुक्कामाचं घर. भाद्रपदाच्या शुक्ल पक्षात चंद्र अनुराधेच्या घरात असताना गौरीचं आवाहन, ज्येष्ठेच्या घरात पूजन, मुळाच्या घरात विसर्जन. ‘ज्येष्ठा गौरी’ या नावात पूजेची वेळच सांगून ठेवलेली आहे.

म्हणजे गणपती एका घड्याळावर येतो आणि त्याच्यापाठोपाठ गौरी दुसऱ्याच घड्याळावर. या दोन घड्याळांचा मेळ दरवर्षी वेगळा बसतो, माझं 27 अधिक 4 तिथेच फसलं.

दोन वर्षं शेजारी ठेवून पाहिलं की गंमत दिसते. 2023 साली चतुर्थी 19 सप्टेंबरला होती आणि गौरीपूजन 22 ला, म्हणजे तीन दिवसांनी. 2025 साली चतुर्थी 27 ऑगस्टला आणि पूजन 1 सप्टेंबरला, पाच दिवसांनी. दोन दिवसांचा हा फरक कुठून आला? सूर्य ताऱ्यांमधून रोज सुमारे एक अंश पुढे सरकतो. 27 ऑगस्ट ते 19 सप्टेंबर हे 23 दिवस, म्हणून उशिराच्या चतुर्थीला सूर्य ताऱ्यांच्या पडद्यावर 23 अंश पुढे असतो. चतुर्थीचा चंद्र सूर्यापासून ठरावीक अंतरावरच असायला हवा, तेव्हा तोही तेवढाच पुढे, ज्येष्ठेच्या जवळ आलेला असतो. त्याला 23 अंश कमी चालायचे असतात, आणि रोजच्या तेरा अंशांच्या चालीनं तेवढं अंतर म्हणजे पावणेदोन दिवस. चतुर्थी जितकी उशिरा, तितक्या गौरी लगबगीनं येतात.

पण एवढ्यानंही हिशेब पुरा होत नाही. 2020 साली चतुर्थी 22 ऑगस्टला, म्हणजे 2025 पेक्षाही लवकर होती. वरच्या नियमानं गौरींना पाच दिवस तरी लागायला हवे होते, पण त्या 26 तारखेला, चारच दिवसांनी जेवल्या. याचं कारण चंद्राची चाल. त्याची कक्षा थोडी लांबट आहे. पृथ्वीच्या जवळ असताना तो भरभर जातो, लांब असताना रेंगाळतो. दिवसाला कधी पंधरा अंश, कधी बारालाही जरा कमी. 2020 च्या चतुर्थीच्या सुमारास तो पृथ्वीच्या जवळ होता आणि धावत होता. 2025 साली तो लांब होता. अनुराधा नक्षत्र शनिवारी दुपारी अडीचच्या पुढे लागलं, ते रविवारी साडेपाचच्या जरा आधी संपलं. जवळजवळ सत्तावीस तास चंद्र एकाच घरात होता. तोच वेगात असता तर हेच घर त्यानं एकवीस-बावीस तासांत ओलांडलं असतं. पंचांगात नक्षत्र संपण्याची वेळ मिनिटांपर्यंत छापलेली असते, ती मी लहानपणापासून पाहत आले. ही मिनिटं म्हणजे आकाशात चाललेल्या एका गोळ्याच्या त्या आठवड्यातल्या वेगाची नोंद आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

रविवारी संध्याकाळी मायलेकींना मी तशाच परत कशा पाठवणार! पहिल्या दिवशी गौरींना भाजीभाकरीचा नैवेद्य असतो. प्रवासातून आलेल्या लेकीला आधी साधं काहीतरी गरम वाढावं, तसा. आम्ही सगळे शेपूची भाजी आणि ज्वारीची भाकरी जेवलो आणि साडेसातला गच्चीवर गेलो. भाद्रपदातलं आकाश, ढग होतेच. पंधरा मिनिटं काहीच दिसेना. मग दक्षिणेकडे, जरा पश्चिमेला, क्षितिज आणि माथा यांच्या मधोमध ढगांत फट पडली आणि बरोबर अर्धा चंद्र बाहेर आला. त्याच्या उजव्या अंगाला, हात लांब करून धरलेल्या दोन बोटांच्या रुंदीएवढ्या अंतरावर, एक तांबूस तारा होता.

तीच ज्येष्ठा. वृश्चिकाच्या, म्हणजे आकाशातल्या विंचवाच्या, काळजाच्या जागी असलेला हा तारा इतका अवाढव्य आहे की तो सूर्याच्या जागी आणून ठेवला तर मंगळाची कक्षासुद्धा त्याच्या पोटात जाईल. त्याच्या एका बाजूला विंचवाच्या डोक्याशी उभे तीन तारे, ती अनुराधा. दुसऱ्या बाजूला वळणावळणानं खाली जाऊन पुन्हा वर उचललेली नांगी, ते मूळ. गौरींचे तीन दिवस म्हणजे चंद्राचा विंचवाच्या डोक्यापासून नांगीपर्यंतचा प्रवास. आवाहन कपाळाशी, पूजन काळजाशी, निरोप शेपटीशी. ही सगळी मांडणी ऑगस्ट-सप्टेंबरात अंधार पडल्यावर डोळ्यांसमोर असते. दूरच्या गावातल्या बाईलाही पंचांग न उघडता नुसतं अंगणात येऊन ती दिसू शकत होती.

मात्र नेमकेपणानं पाहणाऱ्याला इथे एक अडचण येते. पूजन ज्येष्ठेवर असतं, मग चंद्र ज्येष्ठेला आवाहनाच्याच दिवशी कसा भेटला? पंचांगातली 27 घरं समान मापाची आहेत, पण आकाशातले तारे असे मापानं बसलेले नाहीत. हा लाल तारा आज पंचांगातल्या ज्येष्ठेच्या हद्दीच्या जरा अलीकडे, अनुराधेच्या शेवटच्या टोकाला पडतो. त्यामुळे अनुराधा संपायच्या सुमारे दीड तास आधी, म्हणजे त्या रविवारी चारच्या आसपास, भर उजेडात चंद्र ताऱ्याजवळून गेला. आम्ही उंबऱ्यात उभ्या होतो तेव्हाच! साडेसातला दिसला तो त्याला ओलांडून थोडा पुढे आलेला चंद्र. सोमवारी रात्री तो आणखी सुमारे बारा अंश डावीकडे सरकणार होता. म्हणून चंद्राची आणि ज्येष्ठेची भेट पाहायची असेल तर आवाहनाच्या संध्याकाळी गच्चीवर जावं, असं मी आता सगळ्यांना सांगते.

शिवाय ही भेट दरवर्षी इतकी जवळून होत नाही. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाशी पाच अंशांनी कललेला आहे आणि तो कल साडेअठरा वर्षांत हळूहळू फिरून येतो. काही वर्षं चंद्र ज्येष्ठेच्या बराच वरून निघून जातो. 2023 ते 2028 ही वर्षं अशी आहेत की दर फेरीला तो तिच्या अगदी लगटून जातो आणि पृथ्वीच्या कुठल्या ना कुठल्या भागातून तिला झाकताना दिसतो. ढगांनी साथ दिली तर, एवढंच.

ओणमचं आणि गौरीचं असं शेजारपण तरी नेहमी असतं का, हे मी नंतर शोधलं. नेहमी नसतं. ओणम सिंह राशीतल्या सूर्याच्या महिन्याला बांधलेला, गौरी चांद्र भाद्रपदाला. 2023 साली अधिक श्रावण आला, भाद्रपद पुढे गेला आणि ओणम 29 ऑगस्टला होऊनही गेला, गौरी मात्र चंद्राच्या पुढच्या फेरीत, 22 सप्टेंबरला जेवल्या. 2024 आणि 2025 मध्ये दोन्ही एकाच फेरीत आले. एकाच फेरीत आले की ज्येष्ठा, मूळ, पूर्वाषाढा, उत्तराषाढा, श्रवण अशी घरं मोजत चंद्र गौरीपूजनानंतर चौथ्या दिवशी तिरुवोणमला पोचतो. श्रवण म्हणजेच तिरुवोणम.

त्या रविवारी रात्रीच मी सोमवारचं आमंत्रण पुन्हा लिहायला बसले. वेळेची ओळ आता पक्की होती. ज्येष्ठा सोमवारी रात्री आठच्या जरा आधीपर्यंत होती, म्हणून पूजा आणि महानैवेद्य दुपारी, आणि हळदीकुंकू साडेसहा ते नऊ. हळदीकुंकवाला नक्षत्राचं बंधन नाही. ते गौरी घरात आहेत तोवर कधीही चालतं, त्यामुळे ऑफिस सुटल्यावर येणाऱ्यांनी घाई करायचं कारण नव्हतं. आरती साडेसातला. आरतीला थांबायचं असेल तर सव्वासातपर्यंत या, एरवी वीस मिनिटं आलात तरी चालेल, असंही लिहिलं. आधीच्या वर्षी काही जण दुपारी साडेबाराला जेवायच्या हिशेबानं आले होते आणि दोन वाजेपर्यंत ताटकळले. नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्याकडे पान वाढत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ही चूक आमंत्रण देणाऱ्याची असते.

काय असेल, हे लिहिताना मी थांबले. आपल्याला जे सांगावंसंही वाटत नाही तेच पाहुण्याला माहीत नसतं. मग मी आमच्या घरातच एखाद्या परक्या माणसासारखी दारातून आत आले आणि काय काय घडतं ते उतरवत गेले.

चपला बाहेर काढायच्या. आत दोन उभ्या गौरी दिसतील, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, साड्या नेसलेल्या, दागिने घातलेल्या. आमच्याकडे मुखवट्यांच्या असतात. कोकणस्थांकडे पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या असतात, कुठे तेरड्याच्या रोपांच्या, आणि विदर्भ-मराठवाड्यात यांनाच महालक्ष्म्या म्हणतात. दुसऱ्या शेजाऱ्यांकडे वेगळं काही दिसलं तर कुणाचं चुकलंय असं समजू नये. नैवेद्यही असाच घराघराचा. आमच्याकडे पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या आणि पुरणाचे सोळा दिवे. कोकणात काही घरी घावन-घाटलं, आणि काही समाजांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मटणाचा नैवेद्य असतो. सोळा भाज्या म्हणजे सोळा वाट्या नव्हेत. त्या एकत्र शिजवलेल्या असतात, म्हणून कुणाला एखादी भाजी चालत नसेल तर वाढायच्या आधी विचारायचं. एकदा कालवल्यावर ती वेगळी काढता येत नाही.

बाईमाणूस आली की तिला हळदीकुंकू लावतात, मनगटावर अत्तर, गुलाबपाणी, हातात फूल. कुणाला कपाळावर नको असेल तर हात पुढे करावा, हातावर लावता येतं, नकोच असेल तर नुसतं नमस्कारावर भागतं. मग ओटी भरतात: तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड, खण. ती पदरात किंवा ओढणीत घ्यायची. ऑफिसातल्या मुली जीन्समध्ये येतात आणि इथे गोंधळतात, म्हणून आमच्याकडे एक स्वच्छ उपरणं ठेवलेलं असतं, ते पुढे धरायचं. पुरुषांनी काय करायचं हा प्रश्न दरवर्षी येतो. दर्शन घ्यायचं, बसायचं, प्रसाद खायचा, आरतीला टाळ हाती घ्यायचा. निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात.

एक शब्द आमच्या आमंत्रणात नाही. पूर्वी ‘सुवासिनींनी हळदीकुंकवास यावे’ असं लिहायचो. सासरे गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी, घरभर बायका जमलेल्या असताना, ज्यांनी चाळीस वर्षं या गौरी उभ्या केल्या त्या सासूबाई आतल्या खोलीत जाऊन बसल्या. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं, त्या शब्दानं म्हटलं होतं. दुसऱ्या वर्षापासून आम्ही ‘सर्वांनी यावे’ असं लिहितो. पहिलं कुंकू त्यांना लावते, आणि मग त्या सगळ्यांच्या ओट्या भरतात.

राहिली शेवटची ओळ. मराठी लग्नपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात असते, ‘कृपया आहेर आणू नये’. ती इतकी सवयीची झाली आहे की वाचूनही लोक पाकीट घेऊन जातात. मी मात्र ती अगदी खरी धरून लिहिते, त्याला एक कारण आहे. 2024 साली आमच्या ऑफिसात नवीन लागलेली एक मुलगी आली नव्हती. बऱ्याच महिन्यांनी तिनं सांगितलं की पगार व्हायला वेळ होता, रिकाम्या हातानं येणं बरं दिसलं नसतं. सहा किलोमीटरवर राहणारी मुलगी एका खोक्यापायी पुरणपोळीला मुकली.

आणि या सणात देण्याची दिशाच उलटी असते. गौर ही माहेरपणाला आलेली लेक आहे. तिला भेटायला जी येईल तिची ओटी घरानं भरायची. पाहुणीनं काही आणलं की ते देणं उलटं फिरतं, मग आम्हाला पुढच्या खेपेला तिच्याकडे तेवढंच न्यावं लागतं, आणि वस्तू नुसत्या घरोघर हिंडू लागतात. खणांचं असं खूप होतं. सासूबाई घडीच्या आतल्या बाजूला बारीक दोरा अडकवून ठेवायच्या. आमच्याकडून गेलेला एक हिरवा खण सहा वर्षांनी, तीन घरं फिरून, त्याच घडीत आमच्याकडे परत आला. कुणी तो शिवला नव्हता. नारळांचं याहून वाईट. एका वर्षी आलेल्या नारळांतले निम्मे आम्ही संपवेपर्यंत खवट झाले. म्हणून आता लिहिते: भेटवस्तू, मिठाई, पाकीट, नारळ काहीही आणू नका. हात अगदीच मोकळे वाटत असतील तर आपल्या कुंडीतलं एक फूल किंवा चार दूर्वा आणा, त्या गौरीशेजारच्या गणपतीला वाहू.

सोमवारी साठ-एक माणसं येऊन गेली. नवीन मुलगी आली, खरोखर काही न आणता. तिची ओटी भरताना सासूबाईंनी तांदूळ जरा जास्तच घातले. माझी मल्याळी सहकारी दुसऱ्यांदा आली, यावेळी बरोबर दिवशी. तिच्या मुलीनं त्यांच्या दारातल्या पूक्कळमसाठी आणलेल्या झेंडूतली मूठभर फुलं गौरीपुढे ठेवली.

मंगळवारी रात्री दहाच्या आधी मूळ संपत होतं. आम्ही आठला दहीभाताचा नैवेद्य दाखवला, सोळा गाठींचे दोरे एकमेकींना बांधले, अक्षता टाकून मुखवटे हलवले आणि दोघींना पेटीत ठेवलं. गच्चीवर पुन्हा गेले, पण आकाश गच्च होतं.

गुरुवारी सकाळी माझ्या मल्याळी सहकारीचा निरोप आला. शुक्रवारी तिरुवोणम. जेवण बरोबर साडेबाराला, कारण केळीच्या पानावर एकदा वाढायला सुरुवात झाली की पंगत थांबवता येत नाही. चपला बाहेर. हातानं जेवायचं, चमचे मिळणार नाहीत. जेवण झाल्यावर पान आपल्याकडे दुमडायचं. काही आणायचं नाही. खाली मुलीनं स्वतःहून एक ओळ घातली होती: आज उत्तराषाढा, चंद्र वेळेवर आहे.